फ्रीझरमधला पंखा बंद, मागच्या पॅनेलवर बर्फ: गॅस भरण्याआधी काय बघायचं?

प्रश्न: डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज आहे. वर बर्फ होतोय, पण खाली दूध नासतंय. आतल्या पंख्याचा आवाज येत नाही आणि फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर बर्फ धरलाय. मेकॅनिक म्हणतो गॅस भरावा लागेल. भरू का?

उत्तर: थांबा, एवढ्यात भरू नका. मी फ्रिज दुरुस्तीचं काम करतो आणि तुम्ही सांगताय ती लक्षणं गॅसपेक्षा पंख्याकडे जास्त बोट दाखवतात.

अशा बहुतेक फ्रिजमध्ये थंडावा तयार होतो तो फक्त फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआडच्या कॉइलवर. खालच्या कप्प्यात वेगळी कॉइल नसते. पंखा कॉइलवरची गार हवा ढकलतो, तिचा काही भाग डक्टमधून खाली येतो. पंखा थांबला की कॉइल गारच राहते, त्यामुळे वर बर्फ होत राहतो, पण खाली हवा पोचत नाही. गारवा पॅनेलपाशीच अडकतो आणि दार उघडताना आत येणारी दमट हवा त्यावर गोठते. गॅस कमी असेल तर चित्र वेगळं दिसतं: कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ धरतो, बाकीची कॉइल कोरडी असते आणि हळूहळू फ्रीझरही ढिला पडतो.

आता पंखा खरंच बंद आहे का, ते बघा. फ्रीझरचं दार उघडलं की बऱ्याच मॉडेलमध्ये पंखा मुद्दामच थांबतो, म्हणून दार उघडून कान लावण्यात अर्थ नाही. चौकटीतलं डोअर स्विचचं बटण बोटाने दाबून धरा आणि मग ऐका. त्या वेळी कॉम्प्रेसर चालू हवा, कारण साध्या फ्रिजमध्ये तो बंद असताना आणि डीफ्रॉस्ट, म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवणं, चालू असताना पंखाही बंदच असतो. डीफ्रॉस्टनंतरही काही मॉडेलमध्ये पंखा काही मिनिटं उशिरा सुरू होतो. कॉम्प्रेसर घुमतोय, बटण दाबलंय, अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं तरी आत शांतता, तर दोष आहे.

पण पंखा बंद म्हणजे मोटर जळाली, असंही लगेच धरू नका. डीफ्रॉस्टचा हीटर, बायमेटल नावाचा थर्मोस्टॅट किंवा टायमर बिघडला तर कॉइलवर बर्फाचा ठोकळा होतो आणि पाती त्यात अडकतात. तसं असेल तर शांत होण्याआधी काही दिवस पाती बर्फाला घासल्याची खरखर बहुतेक वेळा येते. घरच्यांना विचारा, कुणाला तरी आठवेल.

वेगळं ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून चोवीस तास फ्रिज विरघळू देणं. खाली जुने टॉवेल टाका. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका. कॉइलला भोक पडलं की मात्र गॅस खरोखरच जाईल, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये तो ज्वलनशील असतो. मग फ्रिज सुरू करा. पंखा फिरला, खाली गार झालं आणि आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा तीच कथा, तर डीफ्रॉस्ट दुरुस्त करा. बर्फ संपूर्ण गेल्यावरही पंखा हलत नसेल, तर मोटर, तिची वायर, डोअर स्विच किंवा इन्व्हर्टर मॉडेलमध्ये बोर्ड.

मागे एका घरी अगदी असाच साधा, इन्व्हर्टर नसलेला फ्रिज होता. आधीच्या माणसाने गॅसच सांगितला होता. प्लग काढून पॅनेल उघडलं तर कॉइलवर वरपासून खालपर्यंत सारखा, पातळ बर्फ. म्हणजे गॅस पुरेसा आणि डीफ्रॉस्टही चालू. बर्फ काढून पाती बोटाने फिरवली तर जड, लगेच थांबणारी. चांगल्या मोटरवर ती थोडा वेळ सहज फिरत राहते. मोटरची वायर सोडवून मल्टिमीटर लावला, तर वाइंडिंग ओपन, म्हणजे मोटरच्या आतली तार तुटलेली. चांगली असती तर साधारण काहीशे ओहम दाखवले असते. त्याच व्होल्टची, तितक्याच लांबीच्या दांड्याची मोटर बसवली, पाती नीट दाबून घट्ट केली. दुसऱ्या दिवशी खालचा कप्पा पूर्ववत गार होता.

तुमचा फ्रिज इन्व्हर्टरचा असेल तर हे ओहम मोजणं निरुपयोगी. तिथे बहुधा डीसी मोटर असते, तीन-चार वायरची, साधारण 12 व्होल्टवर चालणारी. कनेक्टरला व्होल्टेज पोचतोय आणि तरी पंखा फिरत नाही, तर मोटर बदलायची. व्होल्टेजच येत नसेल तर आधी डोअर स्विच आणि वायर तपासायची, बोर्ड सगळ्यात शेवटी. हे मोजमाप चालू फ्रिजमध्ये करावं लागतं, तेव्हा ते मेकॅनिककडूनच करून घ्या. त्याला एवढंच सांगा की पॅनेल माझ्यासमोर उघडा आणि कॉइलवर बर्फ कुठपर्यंत आहे ते दाखवा.