पुलाच्या कामातला उशीर: कोणते दिवस कोणाच्या खात्यात?

प्रश्न: नाल्यावरच्या पुलाचं काम लांबलं. विभागाने विजेचा खांब उशिरा हटवला, पण आमची सळई आणि सेंट्रिंगही वेळेवर आलं नाही. विभाग म्हणतो, चूक दोघांची आहे, दंड पूर्ण लागेल. दोघांचा उशीर वेगळा कसा दाखवायचा?

दोघांकडून उशीर झाला एवढ्यावरून तो समवर्ती ठरत नाही. एकाच काळात दोघांच्याही अडचणी क्रिटिकल पाथवरचं, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते तिच्यातलं, तेच काम खरोखर अडवून बसलेल्या हव्यात. म्हणून पूर्ण उशिराची एकत्र बेरीज न करता काळाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात एकच विचारा: त्या दिवशी काम नेमकं कशामुळे थांबलं होतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका पुलाचं विवरण मी तयार केलं होतं. पलीकडच्या काठावरच्या अबटमेंटच्या खोदाईवर पुढचं सगळं अवलंबून होतं आणि खांब नेमका तिथेच उभा. तो १ डिसेंबरला हटायचा होता, हटला २० जानेवारीला. ठेकेदाराची सळई ११ डिसेंबरला लागणार होती, ती आली १० जानेवारीला. विभागाने लगेच महिनाभराचा समवर्ती उशीर धरला. पण खोदाईच झाली नव्हती, तर सळई बांधणार कुठे? मधल्या पिअरच्या कामाला बराच फ्लोट, म्हणजे उशीर सोसायची मोकळीक, होती, त्यामुळे सळईने तिथेही शेवटची तारीख हलली नाही. हे ५० दिवस विभागाचे. मात्र ‘खांब नसता तरी सळईपायी तुम्ही महिनाभर बसलाच असता’ असा युक्तिवाद विभाग करणारच. त्याने मुदतवाढ सहसा अडत नाही, पण त्या दिवसांच्या खर्चावर वाद होतो. खर्चाचा तक्ता करताना ते दिवस वेगळे ठेवा.

२० जानेवारीला जागा मोकळी झाली, पण पोकलेन ठेकेदाराच्या दुसऱ्या साइटवर होतं. ते ४ फेब्रुवारीला आलं. हे १५ दिवस निव्वळ ठेकेदाराचे आणि विवरणात ते तसेच लिहिले. आपले दिवस लपवले की बाकीच्या तारखांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पुढचा तुकडा खरा अवघड. एव्हाना काम ६५ दिवस मागे होतं आणि त्या हिशोबाने स्लॅबची सळई बांधायला ५ एप्रिलला सुरुवात व्हायची होती. त्यासाठी मंजूर ड्रॉइंगही हवं होतं आणि सेंट्रिंगही. सेंट्रिंग १५ एप्रिलला तयार झालं, ड्रॉइंग २५ एप्रिलला मिळालं. म्हणजे ५ ते १५ एप्रिल दोघांनीही काम अडवलं. हे १० दिवस समवर्ती. त्यानंतरचे १० दिवस एकट्या विभागाचे.

असे ८५ दिवस: विभागाचे ६०, ठेकेदाराचे १५, दोघांचे १०. समवर्ती दिवसांना मुदतवाढ मिळते, पैसे मिळत नाहीत, असा सर्वसाधारण प्रघात आहे. इंग्लंडमधल्या १९९९ च्या माल्मेसन प्रकरणाने मुदतवाढीची ही बाजू मांडली. स्कॉटलंडमध्ये २०१० च्या सिटी इन प्रकरणात मात्र उशिराची दोघांत वाटणी करण्याचा मार्ग घेतला गेला. म्हणून तुमच्या करारातलं मुदतवाढीचं कलम आधी वाचा. कलम वेगळं काही सांगत नसेल, तर या उदाहरणासारख्या हिशोबात मागणी ७० दिवसांच्या मुदतवाढीची करा, खर्चाची जास्तीत जास्त ६० दिवसांची. दंडाचा प्रश्न मग फक्त १५ दिवसांपुरता उरतो.

सेंट्रिंगच्या त्या १० दिवसांबद्दल एक वाट अजून असते. ‘ड्रॉइंग नाही, म्हणून आम्हीच मुद्दाम सावकाश घेतलं’ असं म्हणता येतं. पण त्या वेळी तसं पत्र दिलेलं असेल तरच. नंतर सुचलेलं कारण टिकत नाही. आमच्याकडे पत्र नव्हतं, म्हणून ते दिवस समवर्तीच ठेवले.

सगळी भिस्त कागदावर असते. हिंडरन्स रजिस्टरमध्ये ‘खांब न हटल्याने खोदाई बंद’ एवढी ओळ, तारीख आणि विभागाच्या अभियंत्याची सही. सळईसाठी चलान आणि वजनकाट्याची पावती, पोकलेनसाठी लॉगबुक, ड्रॉइंगसाठी आवक नोंद. रजिस्टरमध्ये अडचण सुरू झाल्याची नोंद असते, पण संपल्याची तारीख बहुतेक जण लिहीतच नाहीत. मग विभाग आपल्या सोयीची तारीख धरतो.

तुमचं काम यात पावसाळ्यात ढकललं गेलं असेल, तर नाल्याला पाणी आल्यामुळे आणि काळ्या मातीत भराव करता न आल्यामुळे गेलेले दिवस वेगळ्या तुकड्यात घ्या. खांबाच्या ५० दिवसांनी काम जूनमध्ये नेलं, की पोकलेनच्या १५ दिवसांनी, हे मूळ कार्यक्रमात दोन्ही उशीर एकेक करून घालून तपासा. नुसते ५० घातल्यावर स्लॅब जूनच्या आत बसत असेल आणि १५ मिळवल्यावरच बाहेर जात असेल, तर पावसाच्या दिवसांवर विभाग बोट ठेवणारच, त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.