बाटलीवरचा १२०० आणि स्ट्रिपवरचा १२५०

प्रश्न: आईचं वय ६१. हाडं ठिसूळ होत चाललीत म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम सांगितलंय. आतापर्यंत इथली १२५० ची गोळी रोज एक घेत होती. आता भावाने अमेरिकेतून १२०० ची बाटली पाठवली, १२० गोळ्यांची. बाटलीच्या मागच्या तक्त्यात कॅल्शियमसमोर ९२% आहे. म्हणजे ही इथल्यापेक्षा कमी ताकदीची का? उरलेल्या ८ टक्क्यांसाठी अजून काही द्यायचं का? ड जीवनसत्त्वाची पुडी ती दर रविवारी दुधातून घेतेच. दोन्हींचे फोटो जोडलेत. (उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर)

उत्तर:

नाही, कमी ताकदीची नाही. अमेरिकेच्या एका गोळीत ६०० मि.ग्रॅ. कॅल्शियम आहे आणि इथल्या एका गोळीत ५००. आणि ते ८ टक्के विसरून जा, आईंच्या बाबतीत ते नाहीतच. हे आकडे आले कुठून ते सांगतो, कारण पुढची बाटली वेगळी आली की हाच घोळ पुन्हा होईल. शाहूपुरीत औषधाच्या दुकानात बसून मला २४ वर्षं झाली, आणि परदेशातून आलेली बाटली घेऊन येणाऱ्या दहापैकी आठजणांची चूक एकाच ओळीवर होते.

ती ओळ तक्त्यात सगळ्यात वर, बारीक अक्षरात असते: सर्व्हिंग साइझ. तुमच्या फोटोत तिथे '२ टॅब्लेट्स' लिहिलंय आणि तिच्याखाली 'सर्व्हिंग्ज पर कंटेनर ६०'. १२० गोळ्या, दोन-दोनचा एक डोस, म्हणून ६० डोस. तक्त्यातला खालचा प्रत्येक आकडा त्या दोन गोळ्यांचा मिळून आहे. पुढच्या बाजूला ठसठशीत छापलेला १२०० हासुद्धा दोन गोळ्यांचाच. म्हणून तक्ता वाचताना आधी ही ओळ वाचायची, मगच उजवीकडच्या आकड्यांना हात लावायचा. काही बाटल्यांवर चार कॅप्सूलची सर्व्हिंग असते, पावडरीच्या डब्यावर चमच्याची असते आणि तो चमचा डब्यातलाच असतो, आपल्या घरातला नव्हे.

आता इथल्या स्ट्रिपवरचा १२५०. फोटो मोठा करून बघा, पूर्ण वाक्य असं आहे: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ., इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपली चुनखडी ज्याची असते तेच. त्यात कॅल्शियमबरोबर कार्बन आणि ऑक्सिजनही असतात. १०० ग्रॅम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० ग्रॅम, बाकीचे ६० त्या दोघांचे. १२५० चे ४० टक्के म्हणजे बरोबर ५००. शरीराच्या हिशोबात धरायचं ते हे ५००. सायट्रेटची गोळी असेल तर हे प्रमाण आणखी उतरतं, साधारण २१ टक्क्यांवर. म्हणजे 'कॅल्शियम सायट्रेट १००० मि.ग्रॅ.' एवढंच लिहिलेल्या गोळीत कॅल्शियम जेमतेम २१० असतं. आपल्याकडच्या लेबलवर म्हणून 'इक्विव्हॅलंट टू' किंवा 'एलिमेंटल' हे शब्द शोधायचे आणि त्यांच्या पुढचाच आकडा उचलायचा.

अमेरिकेच्या तक्त्यात हे उलटं असतं. तिथे समोर छापलेला आकडा मूळ द्रव्याचाच द्यावा लागतो, आणि ते कशातून आलं ते नावाला जोडून सांगतात. तुमच्या बाटलीवर 'कॅल्शियम, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात, १२०० मि.ग्रॅ.' असं आहे. म्हणजे १२०० हे नुसतं कॅल्शियम. याचा ४० टक्के काढायचा नाही. हा दुसरा घोळ, आणि तो जरा शिकलेली माणसं करतात: इकडे एलिमेंटलचा हिशोब कळला की तोच तिकडे लावून मोकळे होतात.

डोळ्यांनीही खात्री करता येते. ६०० मि.ग्रॅ. कॅल्शियमसाठी कार्बोनेट दीड ग्रॅम लागतं, इथल्या गोळीत ते सव्वा ग्रॅम आहे. दोन्ही गोळ्या तळहातावर शेजारी ठेवा, अमेरिकेची थोडी मोठी दिसायला हवी. एखादी इवलीशी गोळी एकटीच १२०० कॅल्शियम देते असं कुणी म्हणालं, तर ते शक्यच नाही. तेवढ्यासाठी तीन ग्रॅम कार्बोनेट लागेल आणि ती गोळी गिळताच येणार नाही.

राहिले ते ९२ टक्के. उजव्या रकान्यातली डेली व्हॅल्यू ही चार वर्षांच्या वरच्या सगळ्यांसाठी मिळून ठरवलेली एकच फूटपट्टी आहे. कॅल्शियमसाठी ती सध्या १३०० मि.ग्रॅ. धरतात, आणि हा आकडा वाढत्या वयातल्या, ९ ते १८ वर्षांच्या मुलामुलींच्या गरजेवरून आलाय. १२०० भागिले १३०० म्हणून ९२. २०१६ मध्ये अमेरिकेने नियम बदलले, त्याआधी हीच पट्टी १००० ची होती. तेव्हाच्या लेबलवर याच दोन गोळ्यांसमोर १२०% छापलं असतं. गोळी तीच, कॅल्शियम तेवढंच, फक्त पट्टी लांबली. तुमच्या आईंच्या वयाला, पाळी गेलेल्या स्त्रीसाठी, आपल्याकडची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला १२०० मि.ग्रॅ. सांगते, आणि तेही अन्न आणि गोळी मिळून. टक्का बघून डोस ठरवायचा नाही तो यासाठी. मिलिग्रॅम वाचायचे आणि आपल्या माणसाच्या गरजेशी ताडायचे.

आता आईंचा दिवस मांडून बघू. तुम्ही तुमचे आकडे घाला, मी आपल्या घरांत साधारण असतं तसं धरतो. सकाळ-संध्याकाळ मिळून ३०० मिली म्हशीचं दूध: अंदाजे ३५० मि.ग्रॅ. नाचणीची एक मध्यम भाकरी: १७५ च्या आसपास. ताक, आमटी, पालेभाजी मिळून आणखी १७५ धरा. झाले ७००. गरज १२००, म्हणजे गोळीतून भरायचे उरले ५००. इथली एक गोळी तेवढंच देते. अमेरिकेची एक दिली तर १०० वर जातात, त्याने काही बिघडत नाही. पण लेबल सांगतं म्हणून रोज दोन दिल्या तर एकूण १९०० होतात, आणि पन्नाशीनंतर अमेरिकेतली मर्यादाच २००० ची आहे. त्यात 'इथली गोळी पण संपवून टाकू' म्हणून तीही चालू ठेवली तर २४०० झाले. बद्धकोष्ठ हा त्याचा पहिला त्रास. आणि ज्यांना मुतखडा होऊन गेलाय किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी हा हिशोब डॉक्टरांशिवाय करूच नये. नाचणी खात नसतील, दूध फक्त चहापुरतं असेल, तर बेरीज निम्म्यावर येईल आणि उत्तर बदलेल. तेव्हाही दोन गोळ्या एकदम देऊ नका. एका वेळी ५०० च्या आसपासच कॅल्शियम नीट शोषलं जातं, म्हणून एक दुपारच्या जेवणाबरोबर आणि एक रात्रीच्या. कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्यायचं, उपाशीपोटी नाही, कारण ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं.

तक्त्यातली पुढची ओळ मला कॅल्शियमपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. 'व्हिटॅमिन डी३, २५ मायक्रोग्रॅम, १००० आययू, १२५%'. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. एका गोळीत साडेबारा मायक्रोग्रॅम, म्हणजे ५०० आययू. हे थोडंच आहे, १२५% बघून दचकू नका. पण रविवारची ती पुडी ६०,००० आययूची आहे. सात दिवसांत वाटली तर रोजची साडेआठ हजार. बाटलीच्या तक्त्याला त्या पुडीची खबरच नाही, ही बेरीज घरातल्यांनीच करायची असते.

माझ्या मावशीला आठवड्याला एक पुडी सांगितली होती. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तिने ती दीड महिना रोज घेतली. आधी जेवण जाईना, मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सारखं लघवीला. सगळ्यांना वाटलं साखर वाढली. तपासलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलं होतं, आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. मी दुकानात रोज हजार पुड्या हाताळणारा माणूस, आणि माझ्याच घरातली पुडी मी मोजली नव्हती. तेव्हापासून पुडी देताना पाकिटावर मी स्वतः पेनाने वार लिहून देतो.

म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: पुडी किती आठवडे घ्यायची आहे, आणि ती चालू असताना बाटलीतलं ड जीवनसत्त्व चालेल का. पुडी साधारण काही आठवड्यांसाठी लिहिलेली असते आणि नंतर महिन्यावर नेतात, पण अनेक घरांत ती वर्षभर आपोआप चालू राहते. जाताना बाटली घेऊन जा, आणि 'अमेरिकेची बाराशेची' असं न म्हणता 'एका गोळीत ६०० कॅल्शियम, ५०० आययू डी३' असं सांगा.

तक्त्याच्या तळाला जाड रेघेखाली 'बोन ब्लेंड २५० मि.ग्रॅ.' आहे आणि टक्क्याच्या जागी छोटी कट्यारीसारखी खूण आहे. त्याचा अर्थ एवढाच की या गोष्टीची रोजची गरज कुणी ठरवलेलीच नाही. त्या मिश्रणात कोणती वस्तू किती हे सांगायचं बंधन त्यांच्यावर नाही, फक्त जास्त वजनाची आधी लिहावी लागते. त्या २५० साठी बाटली चांगली किंवा वाईट ठरवू नका.

आई थायरॉईडची गोळी घेतात का हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेत असतील तर ती सकाळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम तिच्यानंतर निदान चार तासांनी. कॅल्शियम ती गोळी पोटातच धरून ठेवतं आणि मग थायरॉईडच्या तपासणीत टीएसएच वाढलेला दिसतो. तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळच बरी पडेल. रोज एक या हिशोबाने ही बाटली चार महिने पुरेल, तोवर इथली स्ट्रिप बाजूला ठेवा आणि तिच्यावरची मुदतीची तारीख एकदा बघून घ्या.