दोन्ही तुकडे इन्फिनिटी आले म्हणजे इंटिग्रल डायव्हर्जंट होत नाही

प्रश्न: 1 ते ∞ मध्ये 1/(x²+x) इंटिग्रेट करताना पार्शल फ्रॅक्शनचे दोन्ही तुकडे इन्फिनिटी येतात, पण पुस्तकात उत्तर ln 2 दिलंय. कन्व्हर्जंट आहे की नाही ते नक्की कसं ठरवायचं?

पुस्तक बरोबर आहे. हेच गणित मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी टेस्टला आलं होतं, मी ln 2 च लिहिलं होतं आणि मला 5 पैकी 0 मिळाले होते. इतकी वर्षं झाली तरी ते डोक्यातून गेलेलं नाही.

मी लिहिलेलं असं होतं. 1/(x²+x) म्हणजे 1/x − 1/(x+1). वरची लिमिट ∞ न ठेवता b घेतली आणि 1 ते b इंटिग्रेट केलं:

ln b − ln(b+1) + ln 2 = ln(b/(b+1)) + ln 2

आता b वाढवत नेला की b/(b+1) जातं 1 कडे, त्याचा log जातो 0 कडे, उरतं ln 2. संपलं गणित. सरांनी पार्शल फ्रॅक्शनच्या ओळीखाली लाल रेघ ओढून शेजारी लिहिलं होतं, 'दोन्ही डायव्हर्जंट, म्हणून डायव्हर्जंट'.

त्या रात्री हॉस्टेलवर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. b = 10 ला 0.5978 आलं, 100 ला 0.6832, 1000 ला 0.6921, आणि ln 2 आहे 0.6931. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन स्टाफरूममध्ये गेलो तर सर म्हणाले, "अरे, आकड्यांनी कन्व्हर्जन्स सिद्ध होत नाही." हे त्यांचं एक वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं. नुसत्या 1/x चं 1 ते 1000 इंटिग्रल जेमतेम 6.9 येतं, बघून कुणालाही वाटेल की थांबेल कुठेतरी, पण ते कधीच थांबत नाही.

मग ठरवायचं कसं? उत्तर काढायच्या आधी तुलना करा. x ≥ 1 असताना x²+x हे x² पेक्षा मोठं, म्हणजे आपलं फंक्शन 1/x² च्या खाली, आणि 1/x² चं 1 ते ∞ इंटिग्रल येतं 1. आपलं फंक्शन पॉझिटिव्ह आहे, त्यामुळे b पुढे सरकेल तसं क्षेत्रफळ वाढतच जातं पण 1 च्या वर कधी जात नाही, म्हणजे ते कुठेतरी टेकणारच. हे दोन ओळीत होतं. 1/x शी तुलना करू नका, त्याच्या खाली आहे हे खरं असलं तरी तो स्वतःच डायव्हर्जंट, त्यावरून काहीच कळत नाही.

आता सरांची चूक कुठे होती. दोन्ही तुकडे कन्व्हर्जंट असतील तरच इंटिग्रल तोडून प्रत्येकाला वेगळी लिमिट लावता येते. दोन्ही डायव्हर्जंट असतील तर तो नियम लागूच होत नाही, त्यावरून पूर्ण इंटिग्रल डायव्हर्जंट असं म्हणता येत नाही. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मित्राने ∞ − ∞ = 0 लिहिलं होतं, तेही चूकच. का ते बघा: पहिला तुकडा b पर्यंत आणि दुसरा 2b पर्यंत नेला तर येतं ln(b/(2b+1)) + ln 2, आणि b वाढवला की हे खरोखर 0 होतं! दोन्ही b पर्यंत नेले की ln 2. म्हणजे तुकडे सुटे केले की आपण कुठे थांबतो त्यावर उत्तर बदलतं. मूळ इंटिग्रलमध्ये b एकच आहे, दोन्ही पदं त्याच b ला थांबतात, म्हणून ln 2 हेच उत्तर आणि दुसरं कुठलंही नाही. तेव्हा ही 2b ची ओळ मला सुचली असती तर त्या स्टाफरूममध्ये फळ्यावर लिहून दाखवली असती.

त्यामुळे माझं स्पष्ट मत, ∞ थेट लिमिट म्हणून टाकायचाच नाही. b लिहा, दोन्ही log एकत्र करा, मग लिमिट घ्या. कुणी 'एवढ्या स्टेप कशाला' म्हटलं तरी लिहा, आणि मार्क कापले तर पेपर घेऊन भांडा, मी भांडलो पण माझ्याकडे पुरावा चुकीचा होता.

हां, दोन गोष्टी राहिल्या. ही तुलना पॉझिटिव्ह फंक्शनलाच चालते, sin x वगैरे आत असेल तर आधी मॉड्युलस घेऊन बघावं लागतं, आणि तेही डायव्हर्ज झालं तर वेगळी टेस्ट लागते. दुसरं, हेच फंक्शन 0 ते ∞ दिलं असेल तर ∞ कडे काही अडचण नाही पण 0 जवळ ते 1/x सारखं वागतं. a ते 1 इंटिग्रल येतं ln((a+1)/(2a)), a जसा 0 कडे जाईल तसं ते वाढतच जातं, आणि तिथे खरंच डायव्हर्जंट लिहायचं.