सीआरपीचा लॉग घेऊन टी-टेस्ट केली, आता उत्तर मूळ एककात कसं लिहायचं?

प्रश्न: एमडीच्या थीसिससाठी दोन गटांतल्या (प्रत्येकी 80 रुग्ण) सीआरपीची तुलना करतोय. डेटा उजवीकडे फार ओढलेला होता म्हणून नॅचरल लॉग घेतला. लॉगचे मीन 2.080 आणि 2.485 आले, दोन्हीकडे एसडी साधारण 1. फरक 0.405, त्याचा अँटिलॉग 1.5. म्हणजे दुसऱ्या गटात सीआरपी 1.5 मिग्रॅ/लिटरने जास्त आहे असं लिहू का?

उत्तर: नाही. तो 1.5 मिग्रॅ नाही, 1.5 पट आहे, आणि त्याला एकक नसतं. दोन लॉगांची वजाबाकी म्हणजे मूळ आकड्यांच्या भागाकाराचा लॉग. त्यामुळे फरकाचा अँटिलॉग घेतला की हातात गुणोत्तर येतं.

आधी प्रत्येक गटाचं मीन वेगवेगळं परत आणून पाहा. exp(2.080) म्हणजे 8 आणि exp(2.485) म्हणजे 12 मिग्रॅ/लिटर. 12 भागिले 8, तोच तुमचा 1.5. मात्र हे 8 आणि 12 साधे मीन नाहीत, जॉमेट्रिक मीन आहेत. लॉग घेतल्यावर डेटा दोन्ही बाजूंना सारखा पसरला असेल, तर ते मीडियनच्या जवळ असतात. मूळ आकड्यांची सरळ सरासरी बरीच वर जाते. डेटा खरोखर लॉगनॉर्मल असेल, तर ती exp(मीन + एसडी²/2) इतकी असते, म्हणजे तुमच्या दुसऱ्या गटात 12 × 1.65, जवळपास 20. म्हणून टेबलात नुसतं 'मीन सीआरपी 12' लिहू नका. परीक्षकांनी मूळ डेटाची सरासरी काढली तर त्यांना 20 च्या आसपासचा आकडा दिसेल आणि तुमचं गणितच चुकलंय असं वाटेल. सीआरपीसाठी जॉमेट्रिक मीन द्यायला माझी काहीच हरकत नाही, कारण त्यातून नेहमीचा रुग्ण कसा आहे ते कळतं. विषय उपचाराच्या खर्चाचा असता तर मी नको म्हटलं असतं. बजेटला एकूण रक्कम लागते आणि ती साध्या सरासरीवरूनच निघते.

कॉन्फिडन्स इंटरव्हल लॉगवरच काढायचा आणि शेवटी दोन्ही टोकांचा अँटिलॉग घ्यायचा. तुमच्या आकड्यांवरून तो 0.093 ते 0.717 येतो, परत आणल्यावर 1.10 ते 2.05. 1.5 त्याच्या मधोमध नाही म्हणून घाबरू नका, असंच यायला हवं. इथे 'फरक नाही' म्हणजे 0 नव्हे, 1. पी-व्हॅल्यू आहे तशीच राहते, तिला परत आणायचं नसतं.

एसडीचं मात्र बहुतेकांचं चुकतं. exp(1) म्हणजे 2.72, आणि '12 ± 2.72' असं लिहिलं जातं. हा आकडा गुणायचा आणि भागायचा आहे: 12 ÷ 2.72 ते 12 × 2.72, म्हणजे साधारण 4.4 ते 32.6. सुमारे दोन तृतीयांश रुग्ण या पट्ट्यात येतात.

आरमध्ये करत असाल तर एवढंच पुरे:

```r
t <- t.test(log(crp) ~ group, data = d)
exp(t$estimate)
exp(t$conf.int)
```

इथे पहिल्या गटातून दुसरा वजा होतो. त्यामुळे इंटरव्हल 0.49 ते 0.91 असा दिसला तर तो उलट्या बाजूने मोजलेला आहे, 1 ला त्या टोकांनी भागा. लॉग 10 च्या पायाचा घेतला असता तर फरक 0.176 आला असता आणि परत येताना 10^0.176 करावं लागलं असतं. त्यावर exp लावलं तर 1.19 येतं. आकडा पटण्यासारखा वाटतो, म्हणूनच ही चूक सुटून जाते.

थीसिसमध्ये असं लिहा: 'दुसऱ्या गटातील सीआरपीचा जॉमेट्रिक मीन 12 मिग्रॅ/लिटर होता, पहिल्या गटाच्या (8) 1.5 पट, 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल 1.10 ते 2.05.' 'पन्नास टक्के जास्त' म्हटलं तरी चालेल. पण 0.405 वरून 'साडेचाळीस टक्के' म्हणू नका. लॉगमधल्या फरकाला थेट टक्के समजणं 0.05 सारख्या लहान आकड्यांपुरतंच ठीक.

आणखी एक गोष्ट तपासा. काही रुग्णांचा सीआरपी शून्य नोंदला गेला म्हणून सगळीकडे log(x+1) तर घेतला नाही ना? तसं केलं असेल तर वरचं 'इतके पट' हे वाचन टिकत नाही. 8 आणि 12 मध्ये एक-एक मिळवा, गुणोत्तर 13/9 म्हणजे 1.44 होतं. तेच आकडे मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये 0.8 आणि 1.2 असे घेतले, तर 2.2/1.8 म्हणजे 1.22. रुग्ण तेच, रक्त तेच, नुसतं एकक बदललं आणि निष्कर्ष हलला. साध्या लॉगमध्ये असं होत नाही. लॅबच्या दृष्टीने तो शून्य बहुधा 'मोजता येण्याच्या मर्यादेखाली' असा असतो. ती मर्यादा लॅबकडून विचारून घ्या. असे रुग्ण दोन-चारच असतील तर त्यांना मर्यादेच्या निम्मी किंमत द्या आणि तसं केल्याचं पद्धतीच्या भागात नमूद करा. बरेच असतील तर लॉगचा हट्ट सोडून मीडियन आणि मान-व्हिटनी टेस्ट द्या.