न मिळणारं कॉलेज पहिलं टाकलं तर पसंती वाया जाते का?

प्रश्न: मुलाचा जेईई मेनचा रँक बरा आहे, अॅडव्हान्स्डला तो पात्र ठरला नाही. जोसामध्ये, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या एकत्रित प्रवेशात, त्याला नागपूरच्या व्हीएनआयटीचं कॉम्प्युटर पहिलं टाकायचंय. घरचे म्हणतात, ते मिळणार नाही, आणि तोवर पुण्याच्या ट्रिपल आयटीची जागा दुसरं कोणीतरी घेऊन जाईल. मग पुणेच पहिलं टाकावं का?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, नागपूरच पहिलं टाका. घरच्यांची भीती निराधार नाही, फक्त ती वेगळ्या पद्धतीला लागू पडते.

ज्या प्रवेशात पहिल्या पसंतीवाल्यांना जागा देऊन ती तिथल्या तिथे पक्की करतात, तिथे अवघड कॉलेज पहिलं टाकणं खरंच महागात पडतं. जोसाचं वाटप तसं होत नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ साली मांडलेल्या रीतीवर ते बेतलेलं आहे, आणि त्या रीतीत शेवटपर्यंत कुठलीच जागा पक्की नसते. कॉलेज अर्ज फक्त हाताशी धरून ठेवतं. नंतर वरच्या रँकचा कोणी आला की आधीचा सुटतो आणि आपल्या यादीतल्या पुढच्या पसंतीकडे जातो.

छोटं उदाहरण घेऊ. एक आयआयटी, नागपूर आणि पुणे, तिन्हीकडे एकेकच जागा. तुमचा मुलगा आणि अ, ब, ड असे चौघे. मेनच्या यादीत क्रम अ, ब, तुमचा मुलगा, ड. आयआयटीत अॅडव्हान्स्डची यादी चालते आणि तिथे ड हा अ च्या वर आहे. मुलाची यादी नागपूर, पुणे, गोवा एनआयटी. अ ची आयआयटी, मग नागपूर. ब ची नागपूर, मग पुणे. ड ची पुणे, मग आयआयटी.

सुरुवातीला अ आयआयटीत आणि ड पुण्यात धरला जातो. नागपूरला ब आणि तुमचा मुलगा दोघे येतात. ब चा रँक वरचा, म्हणून मुलगा सुटतो आणि पुण्याकडे जातो. इथे नीट बघा: पुण्याची जागा ड कडे आहे, ड ने ती पहिली टाकली होती आणि मुलाने दुसरी. तरीही ड बाहेर पडतो, कारण पुण्याला फक्त मेनचा रँक दिसतो, पसंती कितवी ते दिसत नाही. ड आयआयटीकडे जाऊन अ ला हटवतो, अ नागपूरला येऊन ब ला हटवतो, ब पुण्याला येतो आणि तुमचा मुलगा गोव्याला जातो. आता कोणीच हलत नाही.

गोवा बघून वाटेल, पुणेच पहिलं टाकायला हवं होतं. टाकून बघा. ड पहिल्याच पायरीला सुटेल, अ आणि ब तसेच सरकतील, आणि ब पुण्याला येऊन मुलाला हटवेलच. निकाल तोच. या वाटपाला स्थिर म्हणतात: मुलाला गोव्यापेक्षा जे हवं होतं तिथे प्रत्येक ठिकाणी त्याच्याहून वरच्या रँकचाच विद्यार्थी बसलाय. जागा लगेच पक्क्या केल्या असत्या तर पुणे ड ला गेलं असतं आणि मुलगा वरच्या रँकचा असूनही बाहेर राहिला असता. घरचे घाबरतात ते नेमकं याला.

ही सगळी उलथापालथ जोसाच्या एकाच फेरीत, निकालाआधी, संगणकात होते. पुढच्या फेरीत काहींनी सोडलेल्या जागा धरून, त्याच लॉक केलेल्या यादीवर वाटप पुन्हा केलं जातं. म्हणून पहिल्या फेरीत पुणे मिळालं आणि नागपूर अजून हवं असेल, तर फी भरून ‘फ्लोट’ निवडा. पुणे हातचं जात नाही. नागपूर मिळालं तरच ते आपोआप सुटतं. ‘फ्रीझ’ केलंत तर वरच्या पसंत्यांचा विचार तिथेच थांबतो. उलट मुदतीत फी किंवा कागदपत्रं राहिली तर जागाही जाते आणि पुढच्या फेऱ्याही जातात. क्रमापेक्षा या चुकीची काळजी जास्त करा.

मागच्या वर्षीचे क्लोजिंग रँक, म्हणजे जिथे जागा मिळणं थांबलं तो शेवटचा रँक, क्रम लावायला वापरू नका. क्रम मुलाच्या मनातला असू द्या. यादी खाली कुठवर न्यायची, ते ठरवायला मात्र ते आकडे कामाचे आहेत. जोसात पसंत्यांच्या संख्येला मर्यादा नाही, त्यामुळे वर चार अवघड नावं टाकल्याने खालचं एकही कमी करावं लागत नाही. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात दहाच पसंत्या असतात, तिथे प्रत्येक नाव जपून टाकावं लागतं. तो हिशेब इथे आणू नका.

यादीतून काढायचीच असतील तर मिळालं तरी मुलगा जिथे जाणार नाही अशी नावं काढा. नको असलेली जागा मिळाली आणि ती घेतली नाही, तर नागपूरची दारंही त्या दिवशी बंद होतात.