क्लिनिकच्या एसींचं वर्षाचं वेळापत्रक

डॉक्टर, एएमसीवर, म्हणजे एसींच्या वार्षिक देखभालीच्या करारावर, सही करण्याआधी सर्व्हिसचे महिने त्यात लिहून घ्या. नुसतं 'वर्षाला चार सर्व्हिस' असेल तर कंपनी सहीच्या तारखेपासून दर तीन महिन्यांनी माणूस पाठवते. सही जानेवारीत झाली, तर पुढची फेरी एप्रिलमध्ये. तेव्हा सोलापूर चाळिशीच्या वर तापलेलं असतं आणि मेकॅनिक कुणाच्या हाती लागत नाही.

गड्ड्याची जत्रा उठली की फेब्रुवारीत पहिली, पाण्याच्या प्रेशरने धुण्याची सर्व्हिस करून घ्या. आतली कॉइल आणि गच्चीवरचं आउटडोअर, दोन्ही. आउटडोअर धुळीने भरलं की उष्णता बाहेर पडत नाही आणि भर दुपारी कॉम्प्रेसर ट्रिप होतो. मेकॅनिक लगेच 'गॅस कमी आहे' म्हणेल. गॅस आपोआप संपत नसतो. कमी असेल तर गळती आहे, ती आधी शोधायला लावा.

काम झाल्यावर एसी पंधरा मिनिटं चालवून साध्या थर्मामीटरने आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजा. आठ ते बारा अंशांचा फरक हवा. प्रत्येक एसीला नंबर देऊन आकडा वहीत लिहा. चारपैकी तीन दहावर आणि तपासणी खोलीतला पाचवर दिसला, तर तो उन्हाळ्यात दगा देणार, हे फेब्रुवारीतच कळतं.

दुसरी फेरी मेअखेरीस, ड्रेन पाइपसाठी. बाकी दोन सप्टेंबर आणि डिसेंबरात चालतील. जाळ्या मात्र दर पंधरवड्याला तुमच्याच मावशींनी धुवायच्या.