तीन वस्तूंचा कॉम्बो फोटो : काय झाकावे आणि काय उघडे ठेवावे

ऑनलाइन विक्री करणाऱ्या लघुउद्योजकांकडून अलीकडे एकाच विषयावर पत्रे येत आहेत. तीन वेगवेगळ्या आकारांच्या वस्तूंचा एक संच करायचा, त्याचा एकच मुख्य फोटो द्यायचा, आणि तरीही संचात नेमके काय आहे हे ग्राहकाला पाहताक्षणी कळले पाहिजे. पत्रांतील गोंधळ बहुतेक सारखाच असल्याने काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

मुख्य फोटोवर 'कॉम्बो ऑफर, तीन वस्तू एकत्र' असे ठळक लिहिले तर चालेल का?

नाही. अमेझॉनसारख्या मंचावर मुख्य फोटोत वेगळा मजकूर, शिक्का किंवा संचात नसलेली सजावटीची वस्तू चालत नाही आणि पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते. तुमचा मंच वेगळा असेल, तर त्याची सध्याची नियमावली विक्रेता मदत विभागाकडून मागवून घ्या.

आमच्या संचात मसाल्याचे पाउच, पापडाचे गोल पाकीट आणि लोणच्याची बरणी आहे. तिन्ही ओळीत मांडल्या तर फारच लहान दिसतात, आणि एकापुढे एक ठेवल्या तर कशाचे तरी नाव झाकले जाते. किती झाकले तर चालते?

टक्केवारीपेक्षा काय झाकले जाते हे महत्त्वाचे आहे. प्रत्येक वस्तूच्या तीन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत उघड्या राहिल्या पाहिजेत : तिचे नाव, तिच्या बाह्याकाराची ओळख पटवणारी कड (बरणीचे झाकण, पाकिटाची गोलाई, पाउचचा वरचा पट्टा), आणि तिचा जमिनीला टेकलेला निदान काही भाग. तळ पूर्ण झाकला गेला की मागची वस्तू हवेत तरंगल्यासारखी दिसते आणि तिचा खरा आकार डोळ्याला मोजता येत नाही.

तुम्ही मापे कळवली आहेत, म्हणून त्यांच्यावरच हिशेब करून पाहू. पाउच १३ सेंटिमीटर रुंद आणि २० उंच, पापडाच्या पाकिटाचा व्यास १८, बरणी ८.५ रुंद आणि १२ उंच. फोटो २००० पिक्सेलचा चौरस धरला आणि वस्तूंनी त्याची ८५ टक्के रुंदी व्यापायची, तर हाताशी १७०० पिक्सेल उरतात. ओळीत, मध्ये एकेक सेंटिमीटर जागा सोडून मांडल्यास एकूण रुंदी ४१.५ सेंटिमीटर होते, म्हणजे एका सेंटिमीटरच्या वाट्याला जेमतेम ४१ पिक्सेल येतात. चौकटीचा वरचा आणि खालचा भाग रिकामा राहतो आणि बरणीवरचे नाव मोबाइलवर वाचता येत नाही.

पहिला विचार बरणी पुढे मध्यभागी ठेवण्याचा येतो. तसे केले की बरणी नेमकी पापडाच्या मधल्या लेबलावर येते, तुमची अडचण तीच आहे. म्हणून पापडाचे पाकीट मागे मध्यभागी उभे करा, त्याला पाठीमागून पुठ्ठ्याचा टेकू द्या, आणि पुढे डावीकडे पाउच व उजवीकडे बरणी ठेवा. पाउचने पाकिटाची डावी कड ४ सेंटिमीटर झाकावी आणि बरणीने उजवी कड तेवढीच. पाकिटावरचे लेबल मध्यभागी ८ सेंटिमीटर रुंद असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर मोकळा राहतो. एकूण रुंदी आता ३१.५ सेंटिमीटर झाली आणि प्रत्येक सेंटिमीटरला ५४ पिक्सेल मिळाले, म्हणजे तिन्ही वस्तू जवळपास एक तृतीयांशाने मोठ्या झाल्या. पाउच आणि बरणी पूर्ण दिसतात, पाकिटाची वरची गोलाई ओळखण्याइतकी दिसते, आणि त्याचा तळ दोघांच्या मधल्या १० सेंटिमीटरच्या फटीतून दिसतो.

यात एक धोका आहे. दोन वस्तूंच्या कडा नुसत्या टेकलेल्या दिसतात तेव्हा नजर त्यांना चिकटलेली एकच वस्तू समजते. म्हणून एक तर स्पष्ट झाका, नाही तर स्पष्ट अंतर सोडा. फोटो तयार झाल्यावर तो सुमारे २०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करा आणि संच पूर्वी न पाहिलेल्या व्यक्तीला त्यात काय काय आहे हे विचारा. एक जरी वस्तू सांगता आली नाही तर मांडणी बदलावी. लेबल अजून छापले गेले नसेल, तर नाव कोणत्या उंचीवर यावे हे लेबल करणाऱ्याशी याच टप्प्यावर बोलून घ्या.

सर्वांत उंच वस्तू नेहमी मध्येच असावी असे एका छायाचित्रकाराने सांगितले. खरे आहे का?

असा नियम नाही. नाव झाकले जात नसेल तर उंच वस्तू कडेलाही चालते, आणि वरच्या उदाहरणात ती कडेलाच आहे.

फोटो मोबाइलने काढतो. पुढची बरणी अवाढव्य दिसते आणि मागचे पाकीट आक्रसते. कॅमेरा घ्यावा लागेल का?

बहुधा नाही. तुम्ही फार जवळून फोटो काढत आहात. बरणी ६० सेंटिमीटरवर आणि पाकीट तिच्या १० सेंटिमीटर मागे असेल, तर पाकीट सुमारे १४ टक्के लहान दिसते. तीच मांडणी दोन मीटरवरून टिपल्यास हा फरक ५ टक्क्यांवर येतो. मागे सरका, मोबाइलची दोन-तीन पट झूम असलेली स्वतंत्र लेन्स वापरा आणि मोबाइल वस्तूंच्या साधारण मध्य उंचीवर तिवईवर ठेवा. तिन्ही वस्तूंचे स्वतंत्र फोटो काढून नंतर जोडणार असाल, तर अंतर, उंची आणि लेन्स तिन्ही वेळी तीच असली पाहिजे. प्रकाशाची दिशाही बदलता कामा नये, नाही तर एका वस्तूची सावली डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे पडते.

डिझायनरने लोणच्याची बरणी फोटोत थोडी मोठी केली. तो म्हणतो, सगळेच करतात, ग्राहकाला कळत नाही. आम्हीही तसेच ठेवावे का?

ठेवू नका. हे उत्तर सविस्तर देतो, कारण कॉम्बोच्या फोटोंमध्ये याहून जास्त नुकसान करणारी दुसरी खोड मला माहीत नाही. एकट्या वस्तूच्या फोटोत ती किती मोठी आहे याचा अंदाज ग्राहकाला लागत नाही, त्यासाठी तो वजन वाचतो. तीन वस्तू शेजारी आल्या की मात्र प्रत्येक वस्तू दुसरीची मोजपट्टी होते. पाउच केवढे असते हे त्याला घरच्या अनुभवाने ठाऊक असते, आणि त्यावरून तो बरणीचा अंदाज बांधतो. तुम्ही बरणी मोठी केलीत की ती मोजपट्टीच खोटी ठरते.

'थोडी' या शब्दाचा अर्थ किती होतो तेही पाहा. वरच्या मांडणीत २० सेंटिमीटरचे पाउच १०८० पिक्सेल उंच आहे, त्या प्रमाणात १२ सेंटिमीटरची बरणी ६४८ पिक्सेल असली पाहिजे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाउच तेवढेच ठेवून बरणी सुमारे ७८० पिक्सेल उंच केलेली आहे. उंची एक पंचमांशाने वाढली, पण रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढलेली भासते, म्हणून मनातल्या मनात मोजलेले आकारमान सुमारे १.७ पट होते. तुमची ४०० ग्रॅमची बरणी पाहणाऱ्याला ७०० ग्रॅमच्या आसपासची वाटते. डिझायनरला हा वीस टक्क्यांचा बदल वाटतो. खोके उघडणाऱ्या ग्राहकाला मात्र जवळपास निम्मेच लोणचे आल्यासारखे वाटते. वजन बरोबर लिहिले होते असे सांगून त्याचे समाधान होत नाही आणि संच परत येतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत उत्पादनाच्या प्रमाणाबद्दलची दिशाभूलही येते, हे ध्यानात असू द्या. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये भिन्न वस्तूंच्या एकत्रित वेष्टनाची वेगळी व्याख्या आहे, आणि ऑनलाइन विक्रीतही निव्वळ प्रमाणासारखा आवश्यक तपशील मंचावर दाखवावा लागतो. तुमच्या संचावर नेमका कोणता मजकूर हवा हे डिझायनरला किंवा शेजारच्या विक्रेत्याला विचारू नका. आपल्या जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयात किंवा जाणकार सल्लागाराकडे विचारा. डिझायनरकडून मात्र मूळ फाइल मागून घ्या, प्रत्येक वस्तूची उंची पिक्सेलमध्ये मोजा आणि पट्टीने मोजलेल्या खऱ्या उंचीशी प्रमाण ताडून पाहा. बरणी खरोखरच लहान असेल, तर ती पुढे आणि मोकळ्या जागी ठेवून ठळक करता येते. त्यासाठी आकारमान बदलावे लागत नाही.

आमच्या शाम्पू आणि कंडिशनरच्या बाटल्या १८ आणि १८.५ सेंटिमीटरच्या, दोन्ही पांढऱ्या. तिसरी केसांच्या क्रीमची छोटी डबी. बाटल्या एकमेकींत मिसळून जातात. एक ठोकळ्यावर उंच करू का?

ठोकळा नको, त्याने बाटली जितकी आहे त्याहून मोठी भासेल. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक शेजारी ठेवल्यास चुकीसारखा दिसतो, म्हणून दोन्ही बाटल्यांमध्ये डबी येऊ द्या. ती बुटकी असल्याने दोन्हींची नावे मोकळी राहतील. जागेअभावी बाटल्या एकमेकींवर आणाव्याच लागल्या, तर एकीला दोन-तीन सेंटिमीटर पुढे घ्या आणि कॅमेरा किंचित वर ठेवा, म्हणजे पुढचीचा तळ खाली उतरून दोघी वेगळ्या दिसतील. पांढऱ्यावर पांढरे असल्याने कडा हरवतात. त्यासाठी चौकटीच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा उभा करा, त्याच्या प्रतिबिंबाने बाटलीच्या कडेवर बारीक गडद रेघ उमटते. दोन बाटल्या एकमेकींवर येतात तेथे पुढचीच्या आड लपेल एवढी काळी पट्टी ठेवून तोच परिणाम मिळतो. बाटल्या चकचकीत नसून मॅट असतील तर हा परिणाम फार फिका येतो, तेव्हा एकदा वस्तुचित्रण करणाऱ्या छायाचित्रकाराला बाटली प्रत्यक्ष दाखवा.

सेल आठ दिवसांवर आला आहे आणि एका वस्तूचे नवे पाकीट छापून यायचे आहे. संगणकावर तयार केलेले चित्र तूर्त लावून ठेवू का?

छापण्याआधीच्या चित्रात पाकीट सपाट, बिनसुरकुतीचे आणि काटेकोर आयताकृती असते. भरल्यावर पाउच फुगते, त्याची रुंदी घटते आणि छापील रंगही थोडा बदलतो, त्यामुळे शेजारच्या खऱ्या वस्तूंशी त्याचे प्रमाण जुळत नाही. जुन्या पाकिटातील माल शिल्लक असेल आणि तोच पाठवणार असाल, तर त्याचाच फोटो लावा. जुना माल संपला असेल, तर पाकीट येईपर्यंत उरलेल्या दोन वस्तूंचा वेगळा संच विका. मुख्य फोटो बदलल्यावर तो मंजूर होण्यास मंचाकडून वेळ लागू शकतो, म्हणून विक्रेता मदत विभागाकडे आजच चौकशी करा. फोटोचे काम छपाईच्या तारखेवर टाकून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्याची ही सवय पुढच्या सेलपूर्वी मोडा : पहिले पाच-दहा नमुने छापून आले की ते भरून लगेच फोटो काढता येतो, पूर्ण छपाईची वाट पाहावी लागत नाही.